पिंपातलं पाणी आणि सरळ रेषा: रेसिड्युअल प्लॉट काढायचा कसा, वाचायचा कसा

फोंडा तालुक्यात मामांचं कुळागर आहे. गेल्या वर्षी त्यांनी वरच्या कडेला पोफळीची नवी रोपं लावली. तिथवर पाट पोचत नाही, म्हणून एक मोठं निळं पिंप ठेवलं. पंपाने पिंप भरायचं, तळाजवळची तोटी पूर्ण उघडायची, पाणी खणलेल्या चरातून रोपांपर्यंत जातं. मामा तोटी उघडून खाली नारळ सोलायला बसतात आणि मध्येमध्ये वर चढून बघतात, की पिंप रिकामं झालं का. मे महिन्यात ती चढण दिवसातून चार-पाच वेळा करायची, म्हणून त्यांनी मला विचारलं, "अगो, एकदा तोटी उघडली की पाणी किती वेळ पुरतं, ते हिशेबाने सांगता येईल काय?"

मी संख्याशास्त्र शिकवते. घड्याळ आणि फूटपट्टी घेऊन दहा मोजमापं घेतली, त्यांतून सरळ रेषा काढली, रेषा आकड्यांवर किती बसते ते दाखवणारा आर-स्क्वेअर एकपैकी ०.९८ आला आणि मामांना सांगितलं, "अठ्ठावीस मिनिटं." दुसऱ्या दिवशी मामा बरोबर अठ्ठाविसाव्या मिनिटाला वर गेले, तर पिंपात तोटीच्या वर चार बोटं पाणी होतं. तोटी पूर्ण थांबायला चाळीस मिनिटं लागली.

ही चूक माझ्या त्याच दहा आकड्यांत स्पष्ट दिसत होती. आणखी एक आलेख काढला असता, तर ती मामांना सांगण्याआधीच कळली असती. तो आलेख म्हणजे रेसिड्युअल प्लॉट. तेच दहा आकडे घेऊन तो कसा काढायचा आणि कसा वाचायचा, हे इथे सांगते. तुम्ही घरच्या बादलीवर किंवा टाकीवर हाच प्रयोग करू शकता, फक्त भांडं सरळ भिंतीचं हवं आणि तोटीला लांब पाइप जोडलेला नको. पाइप जोडला की पाणी उतरायचा नियम बदलतो.

आधी मोजमापं

पिंपात लाकडी पट्टी उभी धरली. तोटीच्या तोंडाची पातळी म्हणजे शून्य. तिथपासून पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये, दर तीन मिनिटांनी. पाणी थोडं हलत असतं, त्यामुळे माझ्या वाचनात दोनएक मिलिमीटर इकडे-तिकडे होणारच. हा आकडा आत्ताच वहीत लिहून ठेवा, कारण पुढे रेसिड्युअल मोठे की लहान हे ठरवताना हाच आपला गज आहे. मोजमाप किती अचूक आहे ते ठाऊक नसेल, तर तफावत पाहूनही काही ठरवता येत नाही.

स्प्रेडशीट उघडा. एक्सेल असो किंवा लिब्रेऑफिस कॅल्क, पद्धत तीच. A स्तंभात वेळ, B स्तंभात उंची, पहिली ओळ मथळ्याची आणि आकडे दुसऱ्या ओळीपासून अकराव्यापर्यंत. मग बाजूच्या रिकाम्या जागेत, म्हणजे F1, F2 आणि F3 मध्ये, क्रमाने हे तीन:

```
=SLOPE(B2:B11,A2:A11)
=INTERCEPT(B2:B11,A2:A11)
=RSQ(B2:B11,A2:A11)
```

SLOPE आणि INTERCEPT मध्ये आधी B आणि मग A येतो, हे सांभाळा. आधी ज्याचा अंदाज करायचा ते, मग ज्यावरून करायचा ते. उलट लिहिलं तरी उत्तर येतं, कुठलीही चूक दाखवली जात नाही, पण रेषा भलतीच असते.

माझ्या आकड्यांवर उतार −२.१२ आला, म्हणजे दर मिनिटाला पाणी सव्वादोन सेंटिमीटरला जरा कमी इतकं उतरतं. सुरुवातीची उंची ५९.७ आली. आर-स्क्वेअर ०.९७९. रेषा शून्याला कधी पोचते? ५९.७ ला २.१२ ने भागा: २८.२ मिनिटं. मी मामांना सांगितलेला आकडा हाच.

इथेच थांबून विचार करण्यासारखी एक गोष्ट होती आणि ती मी केली नाही. तोटी उघडली तेव्हा पट्टीवर ६४ सेंटिमीटर होतं आणि रेषा म्हणते ५९.७. चार सेंटिमीटरहून जास्त फरक! माझी चूक मिलिमीटरांची, आणि हा फरक सेंटिमीटरांचा.

रेसिड्युअल म्हणजे काय, आणि त्याचं चिन्ह

रेसिड्युअल म्हणजे उरलेली तफावत: मोजलेला आकडा वजा रेषेने सांगितलेला आकडा. याच क्रमाने वजाबाकी करायची. मग अधिक चिन्ह आलं तर ठिपका रेषेच्या वर आहे, उणे आलं तर खाली. C2 मध्ये रेषेचा आकडा, D2 मध्ये तफावत:

```
=$F$2+$F$1*A2
=B2-C2
```

दोन्ही खाली अकराव्या ओळीपर्यंत ओढा. डॉलरची चिन्हं विसरलात, तर ओढताना F1 चं F2, F3 होत जातं आणि खालचे सगळे आकडे बिघडतात. D स्तंभाची बेरीज शून्य येते का ते पाहा. नसेल येत तर नव्वद टक्के वेळा गडबड या डॉलरमध्ये असते.

माझा तक्ता असा:

| वेळ (मिनिटं) | मोजलेली उंची (सेंमी) | रेषेची उंची (सेंमी) | रेसिड्युअल (सेंमी) |
|---|---|---|---|
| ० | ६४.० | ५९.७ | +४.३ |
| ३ | ५४.९ | ५३.३ | +१.६ |
| ६ | ४६.४ | ४७.० | −०.६ |
| ९ | ३८.३ | ४०.६ | −२.३ |
| १२ | ३१.२ | ३४.३ | −३.१ |
| १५ | २५.२ | २७.९ | −२.७ |
| १८ | १९.३ | २१.५ | −२.२ |
| २१ | १४.३ | १५.२ | −०.९ |
| २४ | १०.४ | ८.८ | +१.६ |
| २७ | ६.८ | २.४ | +४.४ |

आता आलेख

A आणि D हे दोन स्तंभ निवडा. आलेखाचा प्रकार एक्सेलमध्ये Scatter, लिब्रेऑफिसमध्ये XY (Scatter). Line हा प्रकार घेऊ नका. तो वेळेला नुसती नावं समजतो आणि समान अंतरावर मांडतो. माझी मोजमापं दर तीन मिनिटांनी आहेत म्हणून फरक पडला नसता, पण तुम्ही मध्येच एखादं मोजमाप चुकवलंत की सगळा आकार विद्रूप होतो.

आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर रेसिड्युअल, मधून शून्याची रेघ. ती रेघ म्हणजे आपली रिग्रेशनची रेषाच, आडवी करून ठेवलेली. मूळ आलेखात पाणी ६४ वरून ६.८ वर येतं, तेव्हा उभ्या अक्षावर तीन-चार सेंटिमीटर कुठल्या कुठे लपतात. इथे तो मोठा उतार काढून टाकलेला असतो आणि जे उरलं तेवढंच डोळ्यांपुढे येतं.

माझ्या आलेखात कढई दिसली. डावीकडे दोन ठिपके रेघेच्या वर, मग सलग सहा खाली, मग पुन्हा दोन वर. तळ बाराव्या मिनिटाच्या आसपास, दोन्ही कान चार सेंटिमीटरच्या वर.

सरळ रेषा खरोखर बसत असती, तर उरलेल्या तफावतीत काही सांगण्यासारखं शिल्लक राहिलं नसतं. अंगणात सांडलेल्या तांदळासारखे ठिपके रेघेच्या वर-खाली कसेही पडले असते आणि त्यांची उंची माझ्या हातच्या चुकीएवढी, म्हणजे दोन-तीन मिलिमीटर असती. इथे दोन्ही बाबी फसतात. आकार आहे, आणि तफावत हातच्या चुकीच्या वीस पट आहे. कढईचा अर्थ असा: पाणी सुरुवातीला रेषेपेक्षा भराभर उतरतं आणि शेवटी रेषेपेक्षा सावकाश. म्हणजे उतार स्थिर नाही, तो वेळेबरोबर मंदावतो. कढई पालथी दिसली असती, तर उलट झालं असतं: आधी सावकाश, मग भराभर.

मामांच्या पिंपाबद्दलची चूक याच कढईच्या उजव्या कानात होती. शेवटच्या मोजमापाला रेषा ४.४ सेंटिमीटर खाली आहे आणि कान वर चढतोच आहे. अशा वेळी रेषा पुढे ताणून "कधी रिकामं होईल" विचारलं, तर उत्तर लवकरचंच येणार. रेसिड्युअल प्लॉट रेषा चुकली एवढंच सांगून थांबत नाही, कुठल्या बाजूला चुकली तेही सांगतो.

आणि आर-स्क्वेअर ०.९८ होता त्याचं काय? त्याने खोटं सांगितलं नाही. उंचीतल्या चढउतारापैकी अठ्ठ्याण्णव टक्के भाग रेषेने टिपला, एवढंच तो सांगतो. उंची सतत कमीच होत असेल, तर त्यावर बसवलेली सरळ रेषा त्यातला बराचसा भाग बहुधा टिपतेच. उरलेले दोन टक्के विस्कळीत आहेत की त्यांना आकार आहे, हा प्रश्न आर-स्क्वेअर विचारतच नाही.

कुठे फसगत होते

माझे विद्यार्थी दोन ठिकाणी हमखास अडकतात, म्हणून तिथे जरा थांबते.

पहिलं: रेसिड्युअल प्लॉटवर ट्रेंडलाइन काढून बघायची, ती आडवी आली की खूश व्हायचं. ती नेहमी आडवीच येते. रेषा काढण्याच्या पद्धतीतच हे बांधलेलं आहे. तफावतींच्या वर्गांची बेरीज सर्वांत लहान करणारी रेषा घेतली, की रेसिड्युअलची बेरीज शून्य होते आणि त्यांच्यात वेळेबरोबरचा कुठलाही सरळ कल उरत नाही. माझ्या कढईवर ट्रेंडलाइन काढलीत तरी ती शून्यावर आडवी झोपेल. तेव्हा पाहायचं ते वाकणं, सरळ चढ-उतार नव्हे.

दुसरं: आडव्या अक्षावर काय घ्यायचं? वेळ घ्या, किंवा रेषेने सांगितलेली उंची घ्या. एकच कारणघटक असेल तर दोन्हींत आकार तोच दिसतो, फार तर आरशात पाहिल्यासारखा डावा-उजवा उलटा. पण मोजलेली उंची आडव्या अक्षावर घेऊ नका. रेसिड्युअल हा मोजलेल्या उंचीचाच एक तुकडा आहे, त्यामुळे त्या आलेखात ठिपके नेहमीच वर चढताना दिसतात, रेषा कितीही योग्य असो. तो कल किती, तर एक वजा आर-स्क्वेअर इतका. आमच्या पिंपात तो जेमतेम जाणवेल, पण आर-स्क्वेअर ०.५ असलेल्या एखाद्या आकडेवारीत अर्ध्या उताराची ठसठशीत रांग दिसते आणि माणूस नसलेला रोग शोधत बसतो.

आकार खरा की डोळ्यांचा भास?

दहाच ठिपके असले की माणसाच्या डोळ्याला कशातही आकार दिसतो. म्हणून मी घरी ओळखपरेड घेते. D स्तंभातले रेसिड्युअल दुसऱ्या जागी नुसते आकडे म्हणून चिकटवा, शेजारी `=RAND()` भरा आणि फक्त हे दोन स्तंभ निवडून त्या यादृच्छिक आकड्यांनुसार लावा. वेळेचा स्तंभ हलवायचा नाही. तफावती पिसल्या गेल्या. त्यांचा आलेख काढा. असं नऊ वेळा करा, त्यांत खरा आलेख कुठेतरी मिसळा आणि ज्याला यातलं काही ठाऊक नाही अशा माणसाला विचारा, की यांतला वेगळा कुठला. मी मामींना विचारलं. त्या गणपतीच्या माटोळीला बांधायच्या सुपाऱ्या निवडाव्या तसा एक-एक आलेख बघत गेल्या आणि कढईवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा." बाकीचे नऊ त्यांना सारखेच वाटले.

हातानेही मोजता येतं. माझ्या दहा तफावतींत चार अधिक आणि सहा उणे आहेत. चार अधिक आणि सहा उणे चिन्हं एका रांगेत २१० प्रकारे मांडता येतात. त्यांतल्या सगळी उणे चिन्हं सलग मधोमध आणि अधिक चिन्हं दोन्ही टोकांना, अशा मांडण्या फक्त तीन. सत्तरात एक. रेसिड्युअल एकमेकांपासून पूर्ण स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा हिशेब काटेकोर नाही, पण दिशा दाखवायला पुरतो. शिवाय यात तफावतींचा आकार धरलेलाच नाही. तो धरला तर शंकेला जागाच राहत नाही.

कढई दिसली, आता पुढे?

आलेख "चुकलं" असं सांगतो, "का चुकलं" ते सांगत नाही. त्यासाठी पिंपाकडे यावं लागतं. तोटीवर पाण्याचा दाब जास्त, तर पाणी जास्त वेगाने बाहेर पडतं, आणि दाब पाण्याच्या उंचीवर अवलंबून. पिंप भरलेलं असताना धार लांब पडते आणि शेवटी तोटीखालीच टपटपते, हे मामा रोज बघत होते. रेषेने मात्र धार पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखीच धरली होती.

इटलीतल्या तोरिचेल्लीने हा नियम १६४४ साली छापला: भोकातून पडणाऱ्या पाण्याचा वेग वरच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. सरळ भिंतीच्या भांड्यासाठी यातून एक सोपी गोष्ट निघते. उंची वेळेबरोबर सरळ रेषेत उतरत नाही, पण उंचीचं वर्गमूळ उतरतं. मग रेषा उंचीवर काढण्याऐवजी तिच्या वर्गमुळावर काढायची. नव्या पानावर A मध्ये वेळ तशीच ठेवा, B मध्ये `=SQRT()` वापरून उंचीची वर्गमुळं घ्या आणि मागचीच सगळी सूत्रं पुन्हा लावा.

सुरुवात ८.००, उतार −०.२००. म्हणजे वर्गमूळ दर मिनिटाला ०.२ ने कमी होतं. आर-स्क्वेअर ०.९९९९. पण आपण त्यावर थांबायचं नाही, हे ठरलेलं आहे. तफावती क्रमाने अशा आल्या: ०.०००, +०.००९, +०.०११, −०.०१३, −०.०१६, +०.०१७, −०.०१०, −०.०२२, +०.०२१, +०.००३.

हा आलेख पहिल्यांदा उघडाल तेव्हा घाबराल, कारण ठिपके वरपासून खालपर्यंत सगळीकडे पसरलेले दिसतील. स्प्रेडशीट उभा अक्ष आपोआप ताणते. पहिल्या आलेखात अक्ष −४ ते +५ असा होता, इथे −०.०२५ ते +०.०२५ असा काहीसा. अक्षावरचे आकडे आधी वाचायचे, मग ठिपके बघायचे. पहिली तफावत शून्याच्या किंचित खाली आहे, ती उणे धरली तर चिन्हांचे सहा गट पडतात: एक उणे, दोन अधिक, दोन उणे, एक अधिक, दोन उणे, दोन अधिक. पाच अधिक आणि पाच उणे चिन्हं पिसून मांडली तर सरासरी सहाच गट पडतात. कढई गेली.

आणि मोठेपणा? इथे आपला दोन मिलिमीटरचा गज कामाला येतो, पण तो वर्गमुळात बदलून घ्यावा लागतो. उंची ६४ असताना दोन मिलिमीटरची चूक वर्गमुळात ०.०१३ होते. उंची ६.८ वर आली की तीच चूक ०.०३८ होते, म्हणजे तिप्पट. मोजताना हात तेवढाच हलला, पण वर्गमूळ घेतल्यामुळे शेवटची मोजमापं जास्त डळमळीत झाली. माझ्या सगळ्या तफावती या मर्यादेत आहेत. शेवटच्या बाजूला ठिपके थोडे जास्त फाकलेले दिसतात तेही याचमुळे. मोजमापं शंभर घेतली असती, तर हा आलेख उजवीकडे उघडणाऱ्या नरसाळ्यासारखा दिसला असता. नरसाळं दिसलं म्हणजे रेषा वाकडी आहे असं नव्हे. रेषा योग्य असू शकते, फक्त सगळ्या मोजमापांवर सारखा भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा शेवटच्या मोजमापांना कमी वजन देऊन रेषा काढतात. कढई आणि नरसाळं यांचे इलाज वेगळे, म्हणून दोन्ही वेगळे ओळखता यायला हवेत.

नवी रेषा शून्याला कधी पोचते? ८.०० भागिले ०.२००, म्हणजे चाळीस मिनिटं. मामांनी घड्याळावर बघितलं होतं तेच.

कोणी म्हणेल, वर्गमूळ कशाला, वेळेचा वर्ग घालून वक्र काढला असता तरी कढई गेली असती. गेली असती. या पिंपापुरते दोन्ही एकच आहेत, कारण ८ वजा ०.२ गुणिले वेळ याचा वर्ग केला की वेळेचा वर्ग येतोच. पण तो वक्र चाळिसाव्या मिनिटानंतर पुन्हा वर चढतो आणि रिकामं पिंप आपोआप भरायला लागल्याचं सांगतो. कारण ठाऊक असेल तिथे कारणावरून सूत्र निवडावं, असं माझं ठाम मत आहे.

जिथे हा आलेखही मुका राहतो

एक प्रयोग मी नंतर कागदावर करून पाहिला. समजा मी कंटाळून पहिल्या नऊ मिनिटांतली चारच मोजमापं घेतली असती: ६४.०, ५४.९, ४६.४, ३८.३. त्यांतून रेषा काढली तर उतार −२.८५ येतो आणि तफावती +०.३, −०.३, −०.२, +०.२. चिन्हं कढईचीच आहेत, पण तफावत दोन-तीन मिलिमीटर, अगदी माझ्या हातच्या चुकीएवढी. चार ठिपक्यांवरून कोणीही प्रामाणिक माणूस "रेषा वाकडी आहे" असं म्हणू शकणार नाही. आणि ही रेषा पिंप बावीस मिनिटांत रिकामं करते!

छोट्या तुकड्यात बहुतेक वक्र सरळच दिसतात, आणि जिथे मोजमापच नाही तिथला रेसिड्युअलही नसतो. आलेख निर्मळ आला तर त्याचा अर्थ एवढाच, की मोजलेल्या पट्ट्यात रेषा चालते. त्या पट्ट्याबाहेर जायचं असेल तर बाहेर एखादं मोजमाप घेऊन बघणं हाच उपाय. मी घेतलं. वर्गमुळाच्या रेषेप्रमाणे तेहेतिसाव्या मिनिटाला २.० सेंटिमीटर पाणी असायला हवं होतं. पट्टीवर २.१ आलं.

त्या रेषेवरून आणखी एक गोष्ट निघाली, जी मामांनी विचारली नव्हती. तिसाव्या मिनिटाला वर्गमूळ २ उरतं, म्हणजे पाणी ४ सेंटिमीटर. चौसष्टातले साठ सेंटिमीटर पहिल्या अर्ध्या तासात जातात आणि उरलेल्या चार सेंटिमीटरना दहा मिनिटं लागतात. हे सांगितलं तेव्हा मामा क्षणभर धारेकडे बघत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे शेवटची दहा मिनिटं रोपांना काहीच मिळत नाही गो." आता ते तिसाव्या मिनिटाला वर जाऊन पंप लावतात.